टर्मशीट हातात आली, आता नेमकं काय वाचायचं? बेळगाव भागातल्या नव्या संस्थापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न आहेत. विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींचं उद्यमबागेत किंवा मच्छेला घरचं वर्कशॉप असतं आणि त्यातूनच पोरांनी काहीतरी नवं उभं केलेलं असतं. बाकीच्यांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दोघा-तिघांत मिळून कंपनी नोंदवलेली असते. गुंतवणूकदार पुणे, मुंबई नाहीतर बेंगळुरूचा, आणि टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद, सात-आठ पानांची. त्यातली मूल्यांकन, लिक्विडेशन प्रेफरन्स आणि व्हेस्टिंग ही तीनच कलमं इथे घेतली आहेत, कारण विक्रीच्या दिवशी तुमच्या खात्यात किती रुपये येतील ते मुख्यतः हीच तीन ठरवतात.

सगळ्या उत्तरांत एकच कल्पित कंपनी वापरली आहे. फाउंड्रीतल्या साच्याच्या वाळूतला ओलावा मोजणारं यंत्र ती बनवते. संस्थापक दोन, एकाकडे ६,००० शेअर्स आणि दुसऱ्याकडे ४,०००. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये. गुंतवणूकदार २ कोटी रुपये घालणार आहे.

१. टर्मशीटवर सही केली म्हणजे पक्कं झालं का? पुढे वकील बदल करून घेईलच ना?

कायद्याने बघितलं तर टर्मशीटमधली बहुतेक कलमं बंधनकारक नसतात. गोपनीयता, खर्च कोणी करायचा, वाद कुठे चालवायचा आणि ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही, एवढी कलमं मात्र सहीच्या दिवसापासून लागू होतात. शेवटच्या कलमाची मुदत बघून घ्या. महिना-दीड महिना ठीक आहे. तीन महिने असतील आणि कंपनीच्या खात्यात दोनच महिन्यांचे पगार असतील, तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही कशालाही हो म्हणाल.

व्यवहारात चित्र वेगळं असतं. पुढचे दोन मोठे करार, म्हणजे शेअर सबस्क्रिप्शन आणि शेअरहोल्डर्स करार, याच कागदावरून लिहिले जातात. तिथे जाऊन तुम्ही लिक्विडेशन प्रेफरन्सवर बोलायला लागलात तर "शब्द फिरवला" असं होतं. म्हणून वकील किंवा कंपनी सेक्रेटरी सहीच्या आधी गाठा.

२. "प्री-मनी ८ कोटी" लिहिलंय. म्हणजे आमची कंपनी ८ कोटींची झाली?

प्री-मनी म्हणजे पैसे येण्याआधीची ठरवलेली किंमत. त्यात नवे पैसे मिळवले की पोस्ट-मनी. ८ कोटी अधिक २ कोटी म्हणजे १० कोटी, आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के. टर्मशीटमध्ये नुसतं "मूल्यांकन ८ कोटी" असेल तर ते प्री की पोस्ट हे त्याच दिवशी ईमेलवर विचारून घ्या. ८ कोटी पोस्ट-मनी निघालं तर २ कोटींना २५ टक्के जातात.

प्री-मनी ८ कोटी म्हणजे तुम्हा दोघांच्या १०,००० शेअर्सची किंमत ८ कोटी, असं मात्र लगेच धरू नका. त्याचं कारण पुढच्याच उत्तरात आहे.

३. ईसॉप पूल १० टक्के ठेवा म्हणतात. कर्मचाऱ्यांसाठीच आहे, मग त्यात आमचं काय जातं?

ईसॉप पूल म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे द्यायला बाजूला ठेवलेले शेअर्स. तो कोणाच्या वाट्यातून काढायचा, एवढंच यात बघायचं. टर्मशीटमध्ये बहुधा असं वाक्य असतं की प्री-मनी मूल्यांकनात "पोस्ट-मनी फुली डायल्यूटेड आधारावर १० टक्के पूल" धरलेला आहे. फुली डायल्यूटेड म्हणजे आज अस्तित्वात असलेले आणि उद्या देणं लागणारे सगळे शेअर्स मोजून. या वाक्याचा अर्थ, पूल पूर्णपणे तुमच्या वाट्यातून.

हिशेब करून बघू. गुंतवणूकदार २० टक्के, पूल १० टक्के, उरले ७० टक्के तुमचे. तुमचे १०,००० शेअर्स जर ७० टक्के असतील तर एकूण शेअर्स साधारण १४,२८६ होतात. गुंतवणूकदाराला त्यातले २,८५७ मिळतात, म्हणजे एक शेअर जवळपास ७,००० रुपयांना पडला. तुमच्या १०,००० शेअर्सची किंमत झाली ७ कोटी. कागदावर ८ कोटी असलं तरी तुमच्या कामाला लावलेली किंमत ७ कोटीच आहे.

हाच पूल पैसे आल्यानंतर सगळ्यांच्या वाट्यातून काढला तर गुंतवणूकदार १८ टक्के, पूल १० टक्के आणि तुम्ही ७२ टक्के. गुंतवणूकदार हे सहसा मान्य करत नाहीत, तेव्हा त्यावर फार शक्ती घालवू नका. पूल केवढा असावा यावर बोला. पुढच्या दीड वर्षात कोणाकोणाला नेमायचं आणि कोणाला किती शेअर्स द्यायचे याची यादी करा. यादी ६ टक्क्यांत बसत असेल तर पूल ६ टक्के मागा. दाखवायला यादी असली की हे बोलणं सोपं जातं.

४. मामांनी सुरुवातीला २० लाख दिले होते, "शेअर्स नंतर बघू" म्हणून. त्याचा मूल्यांकनाशी काय संबंध?

आपल्याकडे हे फार होतं, आणि नेमकं टर्मशीटच्या वेळी ते वर येतं. गुंतवणूकदार "फुली डायल्यूटेड" म्हणतो तेव्हा मामांना दिलेला शब्दही तो मोजणार. मामांना ५ टक्के द्यायचे असतील तर तेही तुमच्या ७० टक्क्यांतूनच जातील.

ते पैसे कंपनीच्या वह्यांत काय म्हणून लिहिलेत ते आधी बघा. संचालकाच्या नातेवाइकाकडून खासगी कंपनी कर्ज घेऊ शकते. त्यासाठी हे पैसे आपण दुसरीकडून उसने घेतलेले नाहीत असं देणाऱ्या नातेवाइकाचं लेखी निवेदन लागतं. पण कंपनी कायद्यात नातेवाइकांची यादी छोटी आहे, तिच्यात मामा येत नाहीत. आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुलं-सुना-जावई आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य एवढेच येतात. मामा आधीपासून भागधारक असतील तर वेगळा मार्ग निघतो, नाहीतर ही रक्कम ठेव ठरू शकते. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअर्समध्ये बदलता येणारं कर्ज म्हणून दाखवायची, तर कंपनी मान्यताप्राप्त स्टार्टअप असावी लागते आणि एका व्यक्तीकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. २० लाख त्यात बसत नाहीत. तेव्हा गुंतवणूकदाराने शोधून काढायच्या आधी सीएकडून हे निस्तरून घ्या.

५. सीएने आणलेल्या व्हॅल्युएशन रिपोर्टमधली किंमत टर्मशीटपेक्षा कमी आहे. काही भानगड होईल?

सहसा नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरची किंमत ही खालची मर्यादा असते. तिच्याखाली शेअर्स द्यायचे नाहीत, वर देता येतात. पूर्वी भरलेली रक्कम योग्य किमतीपेक्षा जास्त असेल तर त्या जादा रकमेवर कंपनीला कर लागायचा. तो एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

६. बाबा म्हणतात, "एक्कावन्न टक्के आपल्याकडे ठेव, बाकी काही बघू नको." बरोबर आहे का?

भागीदारीचं वर्कशॉप चालवलेल्या माणसाचा हा अनुभव आहे, त्यामुळे चटकन उडवून लावण्यासारखा नाही. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो, हे खरं. पण विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, टर्मशीटमध्ये राखीव विषयांची यादी असते. नवे शेअर्स, मोठं कर्ज, कंपनीची विक्री अशा विषयांत गुंतवणूकदाराची लेखी संमती लागते, मग तुमच्याकडे ७० टक्के असोत की ९०.

आणि पैशाच्या वाटपात टक्के नेहमी चालतातच असं नाही. ७० टक्के मालकाला विक्रीतून १४ टक्केच मिळाले असं होऊ शकतं. कसं, ते प्रश्न ९ मध्ये आकड्यांनी दाखवलं आहे.

७. लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणजे कंपनी बुडाली तरच ना? आम्ही बुडणार नाही.

बुडणाऱ्या कंपनीत वाटायला फारसं काही उरतच नाही, त्यामुळे या कलमाचा खरा उपयोग कंपनी बऱ्यापैकी किमतीला विकली जाते तेव्हा होतो. कंपनी विकून आलेल्या पैशांतून गुंतवणूकदाराने आधी आपली रक्कम काढून घ्यायची आणि उरलेलं बाकीच्यांनी वाटायचं, असं हे कलम सांगतं. उसाच्या बिलातून सोसायटीचं पीककर्ज आधी कापलं जातं आणि उरलेलं शेतकऱ्याच्या हातात पडतं, तसाच हा क्रम. फरक इतकाच की हे कर्ज नाही. पैसे आलेच नाहीत तर तुम्ही ते घरून भरायचे नसतात. त्यालाही एक अपवाद आहे, प्रश्न १२ पाहा.

भारतात हा हक्क देण्यासाठी गुंतवणूकदार साधे शेअर्स घेत नाही, सक्तीने परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर्स घेतो. यांना सगळे सीसीपीएस म्हणतात. ते ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या प्रसंगी साध्या शेअर्समध्ये बदलतात.

८. कोणत्या प्रसंगी हे कलम लागू होतं?

टर्मशीटमध्ये "लिक्विडेशन इव्हेंट"ची व्याख्या शोधा. कंपनी बंद होणं, विकली जाणं, दुसरीत विलीन होणं, जवळपास सगळी मालमत्ता विकणं, हे प्रसंग तिच्यात असणारच आणि त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही.

दोन ठिकाणी थांबा. "बौद्धिक संपदेचा परवाना देणं" असं मोघम लिहिलं असेल, तर एखाद्या फाउंड्रीसाखळीला तुमचं सॉफ्टवेअर परवान्यावर देणंही त्यात येईल. तिथे "कायमचा आणि एकमेव परवाना" असं करून घ्या. दुसरं म्हणजे, पुढच्या फेरीत नवा गुंतवणूकदार आल्याने संस्थापकांचा हिस्सा निम्म्याखाली गेला तर तो "नियंत्रणातला बदल" धरला जाऊ नये. पैसे उभे करण्याच्या फेऱ्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळायला सांगा.

९. "१एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग" आणि "पार्टिसिपेटिंग" यात नेमका फरक किती पडतो?

नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये गुंतवणूकदाराने दोहोंपैकी एक निवडायचं. घातलेले २ कोटी परत घ्यायचे, किंवा शेअर्स बदलून घेऊन २० टक्के घ्यायचे, यातलं जे जास्त असेल ते. पार्टिसिपेटिंगमध्ये दोन्ही मिळतं. आधी २ कोटी बाजूला काढायचे आणि उरलेल्यातही २० टक्के घ्यायचे. "२एक्स" म्हणजे बाजूला काढायची रक्कम दुप्पट, म्हणजे ४ कोटी.

प्रश्न ३ मधली वाटणी धरू, तुम्ही ७०, गुंतवणूकदार २०, पूल १०. पूलमधले सगळे शेअर्स वाटले गेलेत असं मानू. तुम्हा दोघांच्या हातात एकूण किती येतं ते बघा.

| कंपनी विकली | १एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग | १एक्स पार्टिसिपेटिंग | २एक्स पार्टिसिपेटिंग |
|---|---|---|---|
| ५ कोटींना | २ कोटी ६२.५ लाख | २ कोटी १० लाख | ७० लाख |
| १० कोटींना | ७ कोटी | ५ कोटी ६० लाख | ४ कोटी २० लाख |
| २० कोटींना | १४ कोटी | १२ कोटी ६० लाख | ११ कोटी २० लाख |

५ कोटींच्या ओळीत शेवटचा रकाना बघा. गुंतवणूकदार आधी ४ कोटी काढतो. उरलेल्या १ कोटीतले २० लाख पुन्हा त्याचे, १० लाख पूलचे, आणि ७० टक्के मालकांच्या हाती ७० लाख. प्रश्न ६ मध्ये म्हटलेले १४ टक्के ते हेच.

पहिल्या रकान्याला एक सोयीचा गुण आहे. विक्री पोस्ट-मनीएवढी, म्हणजे १० कोटींची झाली की २ कोटी परत घेणं आणि २० टक्के घेणं सारखंच पडतं. त्यावरच्या किमतीला प्रेफरन्स आपोआप निष्प्रभ होतो. पार्टिसिपेटिंगमध्ये तो कधीच सुटत नाही, शंभर कोटींना विकलं तरी ते २ कोटी आधी निघतात.

टर्मशीटमध्ये "पार्टिसिपेटिंग" हा शब्द नसतोच कधीकधी. वाक्याची ठेवण बघा. "हायर ऑफ" किंवा "ग्रेटर ऑफ" असेल तर नॉन-पार्टिसिपेटिंग. रक्कम दिल्यावर "अँड देअरआफ्टर" उरलेल्यात प्रमाणशीर वाटा, असं असेल तर पार्टिसिपेटिंग. "इन ॲडिशन टू" दिसलं तरी तेच. शिवाय रकमेच्या पुढे "प्लस ॲक्रूड डिव्हिडंड" आहे का बघा. सीसीपीएसवर ०.००१ टक्के किंवा ०.०१ टक्के असा नावापुरता लाभांश असतो, त्याची काळजी नको. "८ टक्के क्युम्युलेटिव्ह" असेल तर पाच वर्षांत २ कोटींवर ८० लाख चढतात आणि प्रेफरन्स २ कोटी ८० लाखांचा होतो.

१०. दोन टर्मशीट आल्या आहेत. एकीत प्री-मनी ८ कोटी, दुसरीत १२ कोटी पण "पार्टिसिपेटिंग". दुसरीच घ्यावी ना?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पूर्ण मांडतो.

पहिली: प्री-मनी ८ कोटी, १एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग, पूल १० टक्के. तुमचा हिस्सा ७० टक्के.

दुसरी: प्री-मनी १२ कोटी, १एक्स पार्टिसिपेटिंग, पूल १० टक्के. पोस्ट-मनी १४ कोटी. गुंतवणूकदाराकडे १४.२९ टक्के, तुमच्याकडे ७५.७१ टक्के.

कंपनी १० कोटींना विकली तर पहिलीत तुम्हाला ७ कोटी, दुसरीत ६ कोटी ६ लाख. २० कोटींना विकली तर पहिलीत १४ कोटी, दुसरीत सुमारे १३ कोटी ६३ लाख. दोन्ही सारख्या होतात साडेसव्वीस कोटींच्या विक्रीला. म्हणजे साडेसव्वीस कोटींच्या आत कुठेही विकलं तरी १२ कोटींचा कागद ८ कोटींच्या कागदापेक्षा तुम्हाला कमी देतो.

आता प्रामाणिकपणे विचार करा. यंत्र बनवणारी छोटी कंपनी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मोठ्या यंत्रसामग्री उत्पादकाने विकत घेतली, तर ती याच पट्ट्यात जाण्याची शक्यता जास्त. शंभर कोटींची खात्री असलेल्याने दुसरी घ्यावी. बातमीत छापायला १२ कोटी बरे दिसतात, पण माझा कल पहिलीकडे.

आणखी एक. पहिल्या फेरीत पार्टिसिपेटिंग दिलंत की पुढच्या फेरीचा गुंतवणूकदारही तेच मागतो, आणि वर "माझे आधी" म्हणतो. पुढच्या फेरीत समजा ६ कोटी आले, तर आधीचे २ कोटी आणि ते ६ कोटी मिळून ८ कोटी तुमच्या आधी निघणार.

११. २ कोटी दोन हप्त्यांत देणार आहेत, दुसरा हप्ता टार्गेट पूर्ण झाल्यावर. यात काय बघू?

पहिलं, प्रेफरन्स प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवरच असावा. "कमिटेड अमाउंट" असं लिहिलं असेल तर १ कोटी देऊन २ कोटींचा प्रेफरन्स मिळतो. दुसरं, शेअर्सही हप्त्याप्रमाणेच द्यावेत. तिसरं, टार्गेट मोजता येण्यासारखं हवं. "समाधानकारक प्रगती" हे टार्गेट नाही. "अमुक तारखेपर्यंत १५ फाउंड्रींत यंत्र बसून पैसे जमा" हे आहे.

टार्गेट हुकलं तर पूल, राखीव विषय आणि व्हेस्टिंग हे सगळं तुम्ही १ कोटीसाठी देऊन बसलेले असाल. तेव्हा दुसरा हप्ता आला नाही तर कोणते हक्क कमी होतील, हेही लिहून घ्या.

१२. कंपनी बंदच पडली तर गुंतवणूकदाराचे पैसे आम्ही घरून द्यायचे का? वर्कशॉपची शेड बाबांच्या नावावर आहे.

प्रेफरन्समुळे द्यावे लागत नाहीत. बंद कंपनीच्या पैशांतून कामगारांची देणी, बँक, सरकारी थकबाकी, पुरवठादार हे सगळे आधी येतात, त्यानंतर प्रेफरन्स शेअर्सवाले आणि शेवटी तुम्ही. उरलं नाही तर गुंतवणूकदाराचंही गेलं.

धोका गुंतवणूकदाराने पैसे काढून बाहेर पडण्याच्या कलमात असतो, आणि त्याचं शीर्षक "एक्झिट" असतं. "पाच वर्षांत एक्झिट न मिळाल्यास कंपनी किंवा प्रवर्तक ठरलेल्या परताव्यासह शेअर्स परत विकत घेतील" असं वाक्य तिथे सापडतं. यातला "किंवा प्रवर्तक" हा भाग खोडल्याशिवाय सही करू नका. तो राहिला तर गुंतवणुकीचं तुमच्या नावावरचं व्याजी कर्ज झालं, आणि मग शेडचा प्रश्न खरोखरच येतो. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी ही वेगळी बाब, ती टर्मशीटने सुटत नाही.

१३. शेअर्स आमचेच आहेत, पहिल्या दिवसापासून आहेत. मग ते पुन्हा "कमवायचे" कशाला?

एक संस्थापक सहा महिन्यांत नोकरी धरून निघून गेला आणि ४० टक्के घेऊन बसला, तर उरलेल्याने कोणासाठी राबायचं? गुंतवणूकदार येवो न येवो, ही अडचण तुमचीही आहे. म्हणून शेअर्स तुमच्याच नावावर राहतात, पण मध्येच सोडून गेल्यास न पिकलेला भाग परत द्यायचा असतो. यालाच रिव्हर्स व्हेस्टिंग म्हणतात. मतदानाचा हक्क मधल्या काळातही तुमचाच राहतो, तसं लिहिलंय ना एवढं बघा.

नेहमीचा साचा चार वर्षांचा. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य, वर्ष झालं की एक चतुर्थांश, मग दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. ४,००० शेअर्सवाला संस्थापक अठराव्या महिन्यात गेला तर १,५०० त्याचे आणि २,५०० परत. परतीची किंमत दर्शनी धरली तर २५,००० रुपये.

१४. आम्ही तीन वर्षं आधीच राबलोय. घड्याळ पुन्हा शून्यापासून का?

शून्यापासून लागायला नको. केलेल्या कामाचं श्रेय मागता येतं, आणि ते बहुतेक वेळा मिळतंही. उदाहरणार्थ, सहीच्या दिवशी २५ टक्के पिकलेले आणि उरलेले ३६ महिन्यांत. वरच्याच संस्थापकाचे मग १,००० लगेच पक्के, आणि अठराव्या महिन्यात आणखी १,५००, एकूण २,५००. पुढच्या प्रत्येक फेरीत घड्याळ नव्याने लावणार नाही, हेही आत्ताच लिहून घ्या.

१५. "बॅड लीव्हर" कोणाला म्हणतात? आजारी पडलो तरी शेअर्स जातील का?

लीव्हर म्हणजे कंपनी सोडून जाणारा. त्यातला बॅड कोण, ते व्याख्या जशी लिहिली असेल तसं. मृत्यू, कायमचं अपंगत्व, गंभीर आजार किंवा कारण न देता काढून टाकणं हे गुड लीव्हरमध्ये असायलाच हवं. तिथे पिकलेले शेअर्स तुमचे किंवा वारसांचे राहतात. फसवणूक, पैशांची अफरातफर, स्पर्धक कंपनी काढणं हे बॅड लीव्हर, आणि तिथे पिकलेलेही दर्शनी किमतीला काढून घेतात. हे कठोर आहे, पण समजण्यासारखं आहे.

घोळ मधल्या माणसाचा होतो. अडीच वर्षांनी कोणी स्वतःहून राजीनामा दिला तर? काही टर्मशीट त्यालाही बॅड लीव्हरमध्ये टाकतात. तसं झालं तर चार वर्षं पूर्ण होईपर्यंत एकही शेअर खऱ्या अर्थाने तुमचा होत नाही, आणि प्रश्न १३ मधल्या सगळ्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. राजीनामा देणाऱ्याचे पिकलेले शेअर्स त्याच्याकडेच राहतील, हे वाक्य मागून घ्याच. "करारभंग" या कारणापुढेही "गंभीर, आणि लेखी सूचना देऊन ३० दिवसांत न सुधारलेला" असं जोडायला सांगा.

१६. परत द्यायचे शेअर्स नेमके कोणाकडे जातात? आम्ही दोघे आतेभाऊ-मामेभाऊ आहोत.

कंपनीने स्वतः परत घ्यायचे तर बायबॅकचे नियम आडवे येतात. त्यासाठी मोकळी राखीव रक्कम किंवा शेअर प्रीमियम लागतो आणि मर्यादाही असतात. त्यामुळे हे शेअर्स बहुधा उरलेल्या संस्थापकाकडे किंवा ईसॉप ट्रस्टकडे जातात.

उरलेल्या संस्थापकाने ७,००० चा शेअर १० रुपयांना घेतला की फरकाची रक्कम त्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकते. फरक ५०,००० च्या वर गेला की कर लागतो. किंमत आयकर नियमांनी काढतात, त्यामुळे ती ७,००० पेक्षा कमी निघू शकते, पण सहसा १० रुपये नसते. सख्ख्या भावाकडून आले तर सूट आहे. आतेभाऊ-मामेभाऊ आयकराच्या नातेवाइकांच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला ती मिळत नाही. "परत येणारे शेअर्स ट्रस्ट किंवा कंपनीने सुचवलेल्या व्यक्तीकडे जातील" असा मोकळा मार्ग कलमात ठेवा.

१७. माझे काही शेअर्स आईच्या नावावर आहेत. त्यांनाही व्हेस्टिंग लागतं?

गुंतवणूकदार लावायला सांगतोच. काम तुम्ही करता, शेअर्स आईकडे, म्हणून आईची सहीही करारावर लागते आणि तुम्ही सोडून गेलात की आईचे शेअर्स परत जातात. आईंना हे आधी समजावून सांगा, सहीच्या दिवशी नको.

१८. चार वर्षं व्हायच्या आधीच कंपनी विकली गेली तर?

काहीच लिहिलं नसेल तर न पिकलेले शेअर्स अधांतरी राहतात, आणि घेणारी कंपनी त्याचा फायदा उठवते. "डबल ट्रिगर" मागा. कंपनी विकली गेली आणि त्यानंतर वर्षभरात तुम्हाला कारण न देता काढलं, तर सगळे शेअर्स लगेच पिकतात. नुसत्या विक्रीने सगळे पिकावेत, हा "सिंगल ट्रिगर" सहसा मिळत नाही, कारण घेणाऱ्याला तुम्ही काही काळ राहायला हवे असता.

१९. हे सगळं शेअरहोल्डर्स करारात आलं की पुरे का?

नाही. कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या नियमावलीतही यायला हवं. व्ही. बी. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलं की आर्टिकल्समध्ये नसलेलं शेअर हस्तांतरणावरचं बंधन कंपनीवर लागू होत नाही. गुंतवणूकदाराचा वकील त्याचे हक्क आर्टिकल्समध्ये घालून घेतोच. तुमच्या बाजूचं, म्हणजे व्हेस्टिंगचं श्रेय, गुड लीव्हरची व्याख्या, डबल ट्रिगर, हेही तिथे उतरलंय का ते तुम्हीच ओळ न ओळ ताडून बघायचं. आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव लागतो आणि तो ३० दिवसांत एमजीटी-१४ फॉर्मने दाखल करावा लागतो. दाखल करण्याआधीचा अंतिम मसुदा कंपनी सेक्रेटरीकडून मागून घ्या.